पिंग नेमका वाढतो कुठे?

'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' खेळताना स्क्रीनवर एक आकडा सतत दाखवता येतो. तो पिंग. आपल्या संगणकाकडून निघालेला निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचं उत्तर परत यायला लागलेला वेळ तो मिलिसेकंदांत सांगतो. मुंबईतल्या सर्व्हरवर खेळणाऱ्या पुण्या-नाशिकच्या मुलाला तिथे पंधरा-वीस दिसत असेल, तर सगळं ठीक चाललेलं असतं. रात्री नऊच्या सुमारास घरातले सगळे आपापला फोन हातात घेतात आणि तोच आकडा दोनशेच्या वर जातो. समोरचा खेळाडू चालता चालता अचानक चार पावलं पुढे दिसतो, आणि नेम धरून मारलेली गोळी सर्व्हरच्या हिशेबात उशिरा पोचलेली असते.

अशा वेळी घरोघरी एकच उपाय सुचतो, तो म्हणजे जास्त वेगाचा प्लॅन. पन्नास एमबीपीएसच्या जागी शंभर घेतले जातात, महिन्याचं बिल वाढतं आणि बऱ्याचदा पिंग पुन्हा तिथेच जातो. याचं कारण असं की गेमला वेग फारसा लागतच नाही. अशा गेमची पॅकेटं छोटी असतात आणि सेकंदाला काही डझन ते शंभर-सव्वाशे एवढीच ये-जा करतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, तरीही सिनेमा पाहायला जेवढं इंटरनेट लागतं त्याच्या तुलनेत हे काम किरकोळच. गेमला हवं असतं ते प्रत्येक पॅकेट वेळेवर पोचणं. उशीर कुठे होतो हे शोधल्याशिवाय त्यावर उपाय करता येत नाही.

उशीर तीन ठिकाणी होतो. पहिलं ठिकाण म्हणजे अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. केबल समुद्रातून वळणं घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा आणखी मोठा असतो. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचा पिंग कोणत्याही सेटिंगने वीसवर येणार नाही. त्यावर एकच इलाज, गेमच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडणं. उरलेली दोन ठिकाणं मात्र घरातच असतात. एक म्हणजे संगणक आणि राउटर यांच्यामधली हवा. दुसरं म्हणजे राउटर किंवा मोडेमच्या पोटातली रांग.

या दोन्हींतला दोषी कोण हे ओळखायला कोणतंही नवं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` टाइप केलं की `Default Gateway` पुढे राउटरचा पत्ता दिसतो. बहुतेक घरांत तो `192.168.1.1` किंवा त्यासारखा असतो. मग दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून एकीत पहिली आणि दुसरीत दुसरी आज्ञा द्यायची:

```
ping -n 200 192.168.1.1
ping -n 200 1.1.1.1
```

पहिली आज्ञा घरातल्या राउटरपर्यंतचा वेळ मोजते, दुसरी राउटरच्या पलीकडे इंटरनेटवरच्या एका सर्व्हरपर्यंतचा. विंडोज सेकंदाला एक पॅकेट पाठवतं, त्यामुळे चाचणी साडेतीन मिनिटांच्या आत संपते आणि शेवटी कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी वेळ आणि हरवलेल्या पॅकेटांची संख्या दाखवते. सरासरीपेक्षा जास्तीत जास्त वेळ आणि हरवलेली पॅकेटं महत्त्वाची. सरासरी १२ असली तरी अधूनमधून १८० चा झटका बसत असेल, तर गेम अडखळणारच.

पहिल्या खिडकीतच झटके दिसत असतील, तर दोष हवेत आहे. पहिली खिडकी स्वच्छ आणि दुसरीत झटके असतील, तर दोष राउटरपासून पुढे आहे. एखाद-दुसरा झटका मात्र सोडून द्यावा. कामात असलेला राउटर पिंगला उत्तर देणं मागे ठेवतो, त्याने खेळाचं काही बिघडत नाही.

नाशिकमधल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटचं उदाहरण घेऊन ही चाचणी पुढे नेऊ. घर आणि आकडे नमुन्यादाखल आहेत, पण अशा घरांत साधारण असंच चित्र दिसतं. फायबरचं ५० एमबीपीएसचं कनेक्शन, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, संगणक आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. संगणक २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर. राउटरपर्यंतचा पिंग कमीत कमी २, सरासरी ११, जास्तीत जास्त १८० मिलिसेकंद, आणि २०० पैकी ३ पॅकेटं हरवलेली. निरोप अजून घराबाहेर पडलेलाही नाही आणि तरी एवढा उशीर झालेला आहे.

यामागे वाय-फायची रीत आहे. एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेतं, कोणी बोलत असेल तर थांबतं, मग थोडा यादृच्छिक वेळ थांबून आपलं पॅकेट पाठवतं. पोच मिळाली नाही तर तेच पॅकेट पुन्हा पाठवतं, तरीही नाही मिळाली तर आणखी एकदा. म्हणून वाय-फायवर पॅकेटं पुष्कळदा हरवत नाहीत, उशिरा पोचतात. कधी ३ मिलिसेकंदांत, कधी ९० मध्ये. या चढउताराला जिटर म्हणतात, आणि गेमला स्थिर चाळिसाच्या पिंगपेक्षा असा चंचल पिंग जास्त त्रास देतो. बरेच प्रयत्न फसले की मग पॅकेट सोडून दिलं जातं.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच आहेत, १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका इमारतीत वीस-पंचवीस राउटर याच तिघांत कोंबलेले असतात. ब्लूटूथही इथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही इथेच. घरातलाच एखादा जुना फोन लांबच्या खोलीतून कमी वेगाने बोलत असेल, तर तो तेवढा वेळ चॅनल अडवून ठेवतो आणि बाकीचे ताटकळतात. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये जागा जास्त आणि शेजाऱ्यांचा सिग्नल भिंतींमुळे कमी येतो. त्याच फ्लॅटमध्ये संगणक ५ गिगाहर्ट्‌झवर नेला की राउटरपर्यंतची सरासरी ३ वर आणि सर्वांत मोठा झटका २५ वर येतो. पण त्याच भिंती आपला सिग्नलही अडवतात, त्यामुळे खोली लांब असेल तर हा फायदा विरून जातो.

झटके ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखे येत असतील तर मात्र संशय शेजाऱ्यांवर घेऊ नये. बहुधा लॅपटॉपच मधूनमधून आजूबाजूची नेटवर्क धुंडाळत असतो आणि तेवढ्यापुरता आपला चॅनल सोडतो. वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत केला, किंवा त्या वेळेपुरती लोकेशन सेवा बंद केली, तर हे कधी कधी थांबतं.

सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. तिच्यात दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलता येतं आणि शेजारचं कोणी मध्ये येत नाही. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे कोणत्याही फ्लॅटला पुरून उरते. आपल्या उदाहरणात केबल लावल्यावर राउटरपर्यंतच्या सगळ्या २०० ओळींत `time<1ms` दिसतं आणि एकही पॅकेट हरवत नाही. दिसलं नाही, तर केबलच तपासावी. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग १००० ऐवजी १०० दिसत असेल, तर केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली किंवा क्लिप नीट न दाबलेली असते, कारण हजाराच्या वेगाला चारही जोड्या लागतात आणि शंभराला दोनच पुरतात. भिंतीतून केबल नेणं शक्य नसेल, तर निदान चाचणीपुरती एक लांब केबल जमिनीवरून टाकावी. दोष हवेत होता की नाही हे तेवढ्यानेही कळतं. फोनवर 'बीजीएमआय' खेळणाऱ्यांनाही हा मार्ग बंद नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनना यूएसबी-सीमधून लॅन अॅडॅप्टर जोडता येतो.

आता केबल लागली, राउटरपर्यंतचा रस्ता स्वच्छ झाला. दुसऱ्या खिडकीतला `1.1.1.1` चा पिंग शांत वेळी ९ ते १४ मिलिसेकंद आहे. आणि तरीही रात्री नऊला गेम अडखळतो. हे पाहायला चाचणी थोडी बदलावी लागते. पिंग चालू ठेवून दुसऱ्या उपकरणावरून एखादी मोठी फाइल गुगल ड्राइव्हवर चढवायला घ्यायची. उदाहरणातल्या घरात हे केल्यावर बाहेरचा पिंग ९ वरून २३० वर जातो आणि २०० पैकी ४ पॅकेटं हरवतात. राउटरपर्यंतचा पिंग मात्र अजून एका मिलिसेकंदाच्या खालीच आहे. ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नाहीत, त्यांनी नेटफ्लिक्सची `fast.com` ही चाचणी करून `Show more info` दाबावं. तिथे `Unloaded` आणि `Loaded` असे लेटन्सीचे दोन आकडे दिसतात. दोन्हींत शंभराहून जास्त फरक असेल, तर दुखणं हेच.

या दुखण्याला नाव मिळालं ते २०१० मध्ये. अमेरिकी संगणकतज्ज्ञ जिम गेटिस घरून मोठ्या फाइली पाठवत असताना त्यांच्या लक्षात आलं, की तेवढा वेळ घरातलं इंटरनेट सगळ्यांसाठीच निकामी होतं आणि पिंग सेकंदाच्या वर जातो. लाइन बिघडलेली नव्हती. शोध घेतल्यावर त्यांना कारण सापडलं ते मोडेम आणि राउटरमधल्या साठवणीच्या जागेत, म्हणजे बफरमध्ये. मेमरी स्वस्त होत गेली तशी उत्पादकांनी बफर मोठे केले, एकही पॅकेट टाकून द्यावं लागू नये म्हणून. त्यातून जी रांग फुगते तिला गेटिस यांनी बफरब्लोट म्हटलं.

घरातली लॅन हजार एमबीपीएसने पॅकेटं आणून टाकते आणि बाहेर जायची लाइन पन्नासचीच असते. उरलेली पॅकेटं बफरमध्ये थांबतात. फाइल चढवणारं अॅप आपला वेग वाढवत राहतं, कारण त्याला थांबण्याचा इशारा पॅकेट हरवल्यावरच मिळतो, आणि मोठा बफर ते लवकर हरवू देत नाही. आपल्या घरात प्रत्यक्ष अपलोडचा वेग ४८ एमबीपीएस आहे. १,५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं एक भरलेलं पॅकेट बाहेर पडायला पाव मिलिसेकंद लागतो. पिंग २२० मिलिसेकंदांनी वाढला, म्हणजे गेमच्या पॅकेटापुढे ८८० पॅकेटं उभी होती, जेमतेम १.३ मेगाबाइट. व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या एका छोट्या व्हिडिओएवढीही ही रांग नाही, पण गेमसाठी ती पाव सेकंदाची होते. आणि बफर अखेर भरला, की मागून येणारं पॅकेट कोणाचंही असो, टाकून दिलं जातं. त्यात गेमचंही जातं. असे गेम बहुधा हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवत नाहीत, कारण तोवर ते शिळं झालेलं असतं. चढलेला पिंग आणि पॅकेट लॉस ही या घरात एकाच रांगेची दोन रूपं आहेत.

या रांगेवर तोडगा काढला तो कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी. २०१२ साली त्यांनी मांडलेली 'कोडेल' ही पद्धत रांग किती लांब आहे हे पाहतच नाही. प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते ती मोजते. हा वेळ सलग १०० मिलिसेकंदभर ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, की ती एक पॅकेट मुद्दाम टाकते. फाइल पाठवणारं अॅप तो इशारा घेतं, वेग कमी करतं आणि रांग ओसरते. पाठोपाठ एरिक द्युमाझे यांनी लिनक्ससाठी `fq_codel` लिहिलं. त्यात एका रांगेऐवजी १,०२४ रांगा असतात आणि प्रत्येक संवाद आपापल्या रांगेत उभा राहतो. टोलनाक्यावर शंभर ट्रकांच्या मागे अडकलेल्या मोटारीला स्वतःची वेगळी मार्गिका मिळावी, तसं गेमच्या विरळ, छोट्या पॅकेटांचं होतं. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलेल्या `cake` ने याच कल्पना एकत्र बांधल्या आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाला सारखा वाटा देण्याची सोयही जोडली.

पण `cake` नुसतं चालू करून भागत नाही. रांग जिथे साचते, तिथेच ते उपयोगी पडतं, आणि ती बहुधा साचते कंपनीने दिलेल्या डब्यात किंवा डाउनलोडच्या बाबतीत कंपनीच्या टोकाला. तिथे आपला हात पोचत नाही. म्हणून राउटरला सांगायचं, की लाइनच्या वेगापेक्षा थोडं कमीच पाठव. मग पलीकडचा डबा कधी भरत नाही आणि रांग आपल्या राउटरमध्ये येते, जिथे `cake` तिची व्यवस्था लावतं. पाच ते वीस टक्के वेग सोडायचा, त्या बदल्यात पिंग स्थिर राहतो. बाजारातल्या राउटरवरचा नुसता 'गेमिंग मोड' अनेकदा फुकट जातो तो याचमुळे. तो गेमला रांगेत पुढे उभं करतो, पण खरी रांग दुसऱ्याच डब्यात असते.

ओपन-डब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरवर हे करायला पाच मिनिटं लागतात. आधी केबलवरून, घरातलं इतर सगळं बंद ठेवून वेग दोन-तीनदा मोजावा आणि सगळ्यांत कमी आलेला आकडा धरावा. आपल्या घरात तो दोन्ही दिशांना ४८ आहे. त्याचे नव्वद टक्के म्हणजे सुमारे ४३. राउटरच्या पानावर `System` मधल्या `Software` मधून `luci-app-sqm` बसवायचं, मग `Network` खाली `SQM QoS` उघडायचं. इंटरफेस म्हणून इंटरनेटकडे जाणारं तोंड निवडायचं. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं कनेक्शन असेल तर ते बहुधा `pppoe-wan` असतं. वेगाच्या दोन्ही चौकटींत `43000` लिहायचं. `Queue Discipline` मध्ये `cake` आणि `piece_of_cake.qos` निवडायचं. `Link Layer Adaptation` मध्ये इथरनेटचा पर्याय घेऊन ओव्हरहेड `44` द्यायचा, म्हणजे प्रत्येक पॅकेटाभोवतीच्या वेष्टनाचं वजनही हिशेबात येतं. शेवटी `Save & Apply`.

इथे चुका ठरलेल्या आहेत. चौकटीत वेग किलोबिटमध्ये मागितलेला असतो. `43` लिहिलं तर इंटरनेट जवळजवळ बंद पडतं, आणि `0` लिहिलं तर त्या दिशेची मर्यादाच उठते. फायरवॉलच्या सेटिंगमधलं `flow offloading` चालू राहिलं, तर पॅकेटं `cake` ला वळसा घालून जाऊ शकतात आणि चाचणीत काहीच फरक दिसत नाही. तिसरी अडचण प्रोसेसरची. प्रत्येक पॅकेटाचा हिशेब ठेवणं कष्टाचं काम आहे. जुना स्वस्त राउटर पन्नास-शंभर एमबीपीएस निभावतो, पण तीनशेच्या लाइनवर तोच दमतो आणि वेग कोसळतो. अशा वेळी दमदार राउटर घ्यावा लागतो.

सेटिंगनंतर तीच अपलोडची चाचणी पुन्हा करायची. आपल्या घरात पिंग आता ९ वरून १३ वर जातो, एकही पॅकेट हरवत नाही, आणि फाइल ४८ ऐवजी ४१-४२ च्या वेगाने चढते. पिंग अजून वाढत असेल तर ज्या दिशेला वाढतो तिथला आकडा दोन-दोन हजारांनी उतरवायचा. वाढत नसेल तर तसाच चढवून पाहायचा आणि पिंग हलू लागला की एक पायरी मागे यायचं.

कंपनीने दिलेल्या राउटरवर ही सोय बहुधा नसते. त्यामागे आपला राउटर जोडता येतो. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला तर उत्तम, नाहीतर दोन राउटर एकामागे एक पत्ते बदलत राहतात. त्याने पिंगवर फारसा परिणाम होत नाही, पण मित्रांशी थेट जोडणाऱ्या काही गेममध्ये अडथळा येऊ शकतो. नवा राउटर घ्यायचाच नसेल, तर रांग भरणाऱ्यांनाच आवर घालावा. स्टीममध्ये डाउनलोडच्या वेगाला आणि गुगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या अॅपमध्ये अपलोडच्या वेगाला मर्यादा घालता येते. फोनवरचा फोटोंचा बॅकअप खेळाच्या वेळेपुरता थांबवता येतो.

केबल लावलेली आहे, घरातलं बाकी सगळं बंद आहे, आणि तरीही `1.1.1.1` ची पॅकेटं हरवत आहेत, असं झालं तर दोष घराबाहेरचा आहे. फायबरच्या डब्याच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते. घराघरांत येणाऱ्या जीपॉन फायबरवर ती साधारण उणे २७ डीबीएमच्या खाली गेली, म्हणजे उणे २८, उणे २९ झाली, तर तार वाकलेली किंवा जोड मळलेला असण्याची शक्यता असते. प्रकाश ठीक असून फक्त रात्रीच पॅकेटं हरवत असतील, तर कंपनीची पुढची लाइन भरलेली असू शकते. तक्रार करताना 'नेट स्लो आहे' एवढंच न सांगता केबलवरच्या दोन्ही खिडक्यांचे स्क्रीनशॉट, सकाळचे आणि रात्रीचे, सोबत द्यावेत. राउटरपर्यंत शून्य पॅकेटं हरवली आणि त्यापुढे दहा हरवली, हे दिसल्यावर 'वाय-फाय जवळ बसून पाहा' या सल्ल्यावर वेळ जात नाही.

५जी सिग्नलवर चालणाऱ्या घरगुती इंटरनेटची गोष्ट थोडी वेगळी. तिथे लाइनचा वेग सकाळी दोनशे आणि रात्री साठ असू शकतो, त्यामुळे एक ठरावीक आकडा लिहून भागत नाही. दोनशेला बसवलेली मर्यादा रात्री निरुपयोगी ठरते आणि साठला बसवलेली मर्यादा दिवसभर वेग अडवते. ओपन-डब्ल्यूआरटीसाठी `cake-autorate` नावाची स्क्रिप्ट आहे. ती सतत पिंग मोजत राहते आणि तो चढू लागला की मर्यादा खाली, उतरला की वर करते. ती बसवायला आज्ञा टाइप करण्याची सवय लागते. ती नसेल, तर खेळाच्या वेळी आठवडाभर वेग मोजून त्यातल्या सगळ्यांत कमी आकड्याचे ऐंशी टक्के लिहावेत आणि तेवढ्यावर दिवसाचा वेग सोडायचा की नाही, हे घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवावं.